उपदंश: टप्पा कसा ओळखावा, दोन चाचण्या एकत्र कशा वाचाव्यात आणि पेनिसिलिनची किती इंजेक्शने द्यावीत

उपदंशाच्या रक्तचाचणीचा ‘व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह’ असे लिहिलेला रिपोर्ट समोर आला की रुग्ण विचारतो, ‘आता इंजेक्शन एक घ्यायचे की तीन?’ प्रश्न अगदी योग्य आहे, पण त्याचे उत्तर त्या कागदावर नसते. रिपोर्टमधील आकडा, ज्याला आपण टायटर म्हणतो, तो मोठा असला म्हणून इंजेक्शने वाढत नाहीत आणि लहान असला म्हणून कमी होत नाहीत. इंजेक्शनांची संख्या आजाराच्या टप्प्यावरून ठरते. टप्पा ठरतो तो रुग्णाची विचारपूस, अंगाची तपासणी आणि जुने रिपोर्ट यांवरून. टायटरचे खरे काम उपचारानंतर सुरू होते. हा लेख सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा रिपोर्ट नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहे. इंजेक्शन अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे.

पहिली पायरी: टप्पा ओळखणे

उपदंश, म्हणजे गावाकडे ज्याला ‘गरमी’ म्हणतात तो आजार, ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो. संसर्ग झाल्यानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास, जिवाणू जिथून शिरला तिथे एक व्रण उठतो. हा व्रण सहसा एकटा असतो, त्याच्या कडा चाचपल्यावर कडक लागतात आणि तो दुखत नाही. सोबत जांघेत अवधाण येते, तेही बहुधा न दुखणारे. व्रण गुदद्वारात, गर्भाशयाच्या मुखावर किंवा तोंडात असेल तर रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधाशिवाय भरून येतो, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते, कारण मधल्या काळात लावलेल्या कोणत्याही मलमाला त्याचे श्रेय मिळते.

व्रण भरल्यानंतर काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी दुसरा टप्पा येतो. आता जिवाणू रक्तातून सर्वत्र पोचलेला असतो. अंगावर लालसर-तांबूस पुरळ उठते, त्याला बहुधा खाज नसते, आणि ते तळहात-तळपायांवरही दिसते. तळहातांवर न खाजणारे तांबूस डाग घेऊन रुग्ण आला तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत उपदंशाची चाचणी केलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे; पित्ताच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या लिहून देण्याआधी दोन मिनिटे हा विचार व्हावा. याच टप्प्यात जननेंद्रियांभोवती ओलसर, चपट्या गाठी येतात, तोंडात पांढरट चट्टे पडतात, केस जागोजागी विरळ होतात, ताप येतो, अंगभर गाठी सुजतात. हेही सगळे उपचाराशिवाय ओसरते.

त्यानंतर येतो तो सुप्त टप्पा. या काळात शरीरावर काहीच दिसत नाही, फक्त रक्त पॉझिटिव्ह असते. संसर्ग वर्षभराच्या आतला असेल तर ‘लवकरचा सुप्त’ आणि त्याहून जुना किंवा कधीचा हे सांगता न येणारा असेल तर ‘उशिराचा सुप्त’ असे अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे वर्गीकरण आहे. जागतिक आरोग्य संघटना ही सीमा दोन वर्षांवर ठेवते. या लेखात मी एका वर्षाची सीमा धरली आहे, कारण शंकेची बाजू रुग्णाच्या हिताकडे झुकलेली असावी. उपचार न झालेल्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत दुसऱ्या टप्प्याची लक्षणे पुन्हा उलटतात, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या वर्षातच उलटतात. त्यामुळे या वर्षभरात जोडीदाराला संसर्ग होण्याचा धोका राहतो. अनेक वर्षांनी काहींना तिसरा टप्पा गाठतो: हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत कमकुवत होते, किंवा त्वचेत आणि हाडांत गमा नावाच्या गाठी होतात.

मज्जासंस्थेचा उपदंश हा या रांगेतला शेवटचा टप्पा नाही. जिवाणू पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचू शकतो. म्हणून डोळे, कान किंवा मेंदू यांची लक्षणे व्रणाच्या काळातही दिसू शकतात आणि वीस वर्षांनंतरही. प्रत्येक टप्प्यावर त्याचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

दुसरी पायरी: दोन प्रकारच्या चाचण्या

व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या जिवाणूला शोधत नाहीत. जिवाणूमुळे पेशींची जी मोडतोड होते तिच्यातून कार्डिओलिपिनसारखे स्निग्ध पदार्थ उघडे पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या चाचण्या ती प्रतिपिंडे मोजतात. म्हणून त्यांना नॉन-ट्रेपोनेमल म्हणतात. टीपीएचए, टीपीपीए, एफटीए-एबीएस, यंत्रावर होणारी सीएलआयए आणि बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होणारी कार्ड चाचणी या ट्रेपोनेमल चाचण्या आहेत. त्या प्रत्यक्ष जिवाणूच्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडे पाहतात. त्या बहुतेकांमध्ये उपचारानंतरही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतात.

आजार होता का, हे टीपीएचए सांगते. तो आज किती सक्रिय आहे आणि औषध लागू पडते आहे का, याचा अंदाज व्हीडीआरएल देते. दोन्ही हव्यात, एकीने भागत नाही. उपचार झाले की नाही हे पाहण्यासाठी टीपीएचए पुन्हापुन्हा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे आणि रुग्णाला विनाकारण घाबरवणे आहे.

टायटर समजून घेऊ. प्रयोगशाळा रुग्णाचा सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जाते: १:१, १:२, १:४, १:८, १:१६, १:३२. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह राहते तो टायटर. एका पायरीचा फरक, म्हणजे १:८ चा १:१६ होणे, हा तंत्रज्ञाच्या नजरेमुळेही पडू शकतो, म्हणून त्याला अर्थ देऊ नये. दोन पायऱ्यांचा, म्हणजे चौपट फरक मात्र खरा मानतात. तोही त्याच चाचणीचा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेतला हवा. आरपीआरचे आकडे बहुधा व्हीडीआरएलपेक्षा थोडे वर येतात. त्यामुळे आधी व्हीडीआरएल आणि नंतर आरपीआर करून तुलना केली तर आजार वाढल्याचा भास होतो.

आता रिपोर्टांच्या जोड्या पाहू. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर आजार आहे किंवा पूर्वी होऊन उपचार झालेला आहे. कोणते ते जुन्या कागदांवरून ठरते. व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह असेल तर बहुधा तो जैविक खोटा पॉझिटिव्ह असतो. गरोदरपण, ल्युपस, कुष्ठरोग, हिवताप, नुकतीच झालेली लस किंवा दुसरा ताप, वाढते वय यांमुळे असे होते, आणि तेव्हा टायटर सहसा १:८ च्या खाली असतो. टीपीएचए पॉझिटिव्ह आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह अशी जोडी मात्र सर्वांत जास्त फसवते. हा जुना, उपचार झालेला आजार असू शकतो, नुकताच सुरू झालेला असू शकतो, किंवा कधीच उपचार न मिळालेला फार जुना आजारही असू शकतो, कारण वर्षे उलटली की अनेकांचे व्हीडीआरएल आपोआप निगेटिव्ह होते. मोठ्या प्रयोगशाळांत आता आधी सीएलआयए करतात आणि ती पॉझिटिव्ह आली तरच आरपीआर करतात, त्यामुळे ही जोडी जास्त वेळा दिसू लागली आहे. अशा वेळी वेगळ्या पद्धतीची दुसरी ट्रेपोनेमल चाचणी करतात. तीही पॉझिटिव्ह आली आणि पूर्वीच्या उपचाराचा विश्वासार्ह पुरावा नसेल, तर उशिराचा सुप्त उपदंश समजून उपचार देतात. मात्र व्रण किंवा नुकताच संबंध असेल तर नवा आजार धरावा.

निगेटिव्ह रिपोर्टही दोन ठिकाणी दगा देतो. व्रण दिसू लागल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत व्हीडीआरएल निगेटिव्ह असू शकते. तेव्हा व्रणाचे स्वरूप पाहून उपचार द्यावेत आणि दोन-चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. दुसरे ठिकाण याच्या अगदी उलट आहे. दुसऱ्या टप्प्यात कधीकधी प्रतिपिंडे इतकी जास्त असतात की न पातळ केलेल्या सीरममध्ये गुठळी दिसतच नाही आणि रिपोर्ट ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ येतो. याला प्रोझोन म्हणतात. तळहातांवर पुरळ आहे आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह आहे, असे विसंगत चित्र दिसले तर प्रयोगशाळेला फोन करून ‘सीरम पातळ करून पुन्हा पाहा’ असे सांगावे. या एका फोनने निदान बदलू शकते.

तिसरी पायरी: एक उदाहरण शेवटपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातील ३८ वर्षांचा एक पुरुष आखातात नोकरीला निघाला आहे, असे समजू. तिकडे जाण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत व्हीडीआरएल १:१६ रिअ‍ॅक्टिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह आली. त्याला काहीच त्रास नाही. अंगावर काही नाही, तोंडात काही नाही, जांघेत काही नाही. म्हणजे हा सुप्त टप्पा आहे. प्रश्न उरतो तो लवकरचा की उशिराचा, म्हणजेच एक इंजेक्शन की तीन.

नुसते ‘कधी बाहेर संबंध आला का?’ असे विचारले तर मान हलवून ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी दारे बंद करून, सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून, शरीराविषयीचे प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षभरात लघवीच्या जागी न दुखणारा फोड किंवा चट्टा आला होता का? तळहातांवर डाग उठले होते का? केस झडले होते का? याच काळात दात उपटल्यावर, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा रक्तदानात कुठे रक्त तपासले गेले होते का? या माणसाने सांगितले की साधारण पाच महिन्यांपूर्वी ताप येऊन तळहातांवर डाग उठले होते, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतल्यावर ते गेले. आणि आठ महिन्यांपूर्वी गावातल्या शिबिरात त्याने रक्तदान केले होते.

हे दुसरे उत्तर फार मोलाचे आहे. भारतात रक्तपेढीला दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, हिवताप यांबरोबर उपदंशासाठीही चाचणी करावी लागते. रक्तपेढीत चौकशी केल्यावर त्या दिवसाचा निकाल ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ मिळाला. म्हणजे संसर्ग त्या सुमारास किंवा त्यानंतर झाला; चाचणी पॉझिटिव्ह व्हायला लागणारा काळ जमेस धरला तरी तो वर्षाच्या आतला आहे, आणि पाच महिन्यांपूर्वीचे डाग या कालक्रमात चपखल बसतात. निदान झाले: लवकरचा सुप्त उपदंश. उपचार एका वेळचा. हा निगेटिव्ह निकाल आणि डागांची हकीगत दोन्ही मिळाली नसती, तर त्याच १:१६ वर तीन आठवड्यांचे तीन डोस देणे भाग होते.

आता त्याची पत्नी. ती १४ आठवड्यांची गरोदर आहे. तिची व्हीडीआरएल आणि टीपीएचए दोन्ही निगेटिव्ह आल्या. इथे ‘निगेटिव्ह आहे, मग कशाला’ असे म्हणून थांबायचे नसते. मागच्या ९० दिवसांत लवकरच्या टप्प्यातील रुग्णाशी संबंध आलेल्या जोडीदाराला चाचणी निगेटिव्ह असली तरी त्याच दिवशी इंजेक्शन देतात, कारण आजार अजून चाचणीत दिसण्याइतका वाढलेला नसू शकतो. गरोदरपणात तर पोटातल्या बाळाला धोका असतो. तिला बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एक डोस मिळाला. पुढे २८ आठवड्यांच्या सुमारास आणि प्रसूतीच्या वेळी चाचणी पुन्हा करायची आहे. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असता तर टप्प्याप्रमाणे उपचार करावे लागले असते, आणि ते प्रसूतीच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण व्हावेत याकडे लक्ष द्यावे लागले असते.

दोघांचीही एचआयव्ही चाचणी त्याच दिवशी करायला हवी. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. तिथल्या लैंगिक आजारांच्या किटमध्येही बेंझाथिन पेनिसिलिन असते.

चौथी पायरी: इंजेक्शन प्रत्यक्ष देताना

औषध एकच आहे: बेंझाथिन पेनिसिलिन. पहिल्या, दुसऱ्या आणि लवकरच्या सुप्त टप्प्यात २४ लाख युनिट एकदाच. उशिराच्या सुप्त टप्प्यात, काळ माहीत नसताना, आणि मज्जासंस्थेचा सहभाग नसलेल्या तिसऱ्या टप्प्यात दर आठवड्याला २४ लाख, असे तीन वेळा.

हेच औषध का, हे समजले की पुढच्या चुका आपोआप टळतात. पेनिसिलिन जिवाणूला मारते ते तो विभाजित होत असताना. ट्रेपोनेमा मात्र फार संथ आहे. त्याचे एक विभाजन व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणून रक्तात औषधाची पातळी थोडी असली तरी चालते, पण ती खंड न पडता निदान आठवडाभर टिकली पाहिजे. बेंझाथिन स्नायूत साठून राहते आणि हळूहळू झिरपत राहते. जुन्या आजारात जिवाणू आणखी संथ असतो असे मानले जाते, म्हणून तीन आठवडे. नावात ‘बेंझ’ असलेले दुसरे औषध, बेंझिल पेनिसिलिन, म्हणजेच क्रिस्टलाइन पेनिसिलिन, काही तासांत लघवीवाटे निघून जाते. औषधाच्या दुकानातून बाटली आली की लेबल स्वतः वाचावे. या दोन नावांची अदलाबदल होऊन उपचार वाया जाणे सहज शक्य आहे.

अनेक ठिकाणी १२ लाख युनिटची बाटली मिळते, म्हणजे एका डोसाला दोन बाटल्या. प्रत्येक नितंबात एक, स्नायूत खोलवर, हळूहळू. औषध दाट असते, त्यामुळे २१ गेजची किंवा त्याहून जाड सुई घ्यावी. पाणी घालून बाटली हलवल्यावर लगेच टोचावे, रेंगाळल्यास सुई चोक होते. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी नसेल तर पाण्याऐवजी एक टक्का लिग्नोकेनमध्ये ते मिसळता येते. दुखणे बरेच कमी होते आणि पुढच्या आठवड्यात रुग्ण परत येण्याची शक्यता वाढते. हे औषध शिरेत कधीही जाता कामा नये. त्याने हृदय बंद पडू शकते. टोचण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही हे पाहावे.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असे सांगणाऱ्या बहुतेकांना खरी अ‍ॅलर्जी नसते. कोणाला लहानपणी जुलाब झालेले असतात, कोणाला चक्कर आलेली असते. पण पूर्वी इंजेक्शननंतर लगेच अंगभर गांधी उठून श्वास कोंडला असेल, ओठ सुजले असतील, तर छोट्या दवाखान्यात त्वचेची टेस्टसुद्धा करू नये. एरवी टेस्ट करून, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून, इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे. खरी अ‍ॅलर्जी असेल आणि रुग्ण गरोदर नसेल तर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लवकरच्या टप्प्यात १४ दिवस, उशिराच्या टप्प्यात २८ दिवस. अ‍ॅझिथ्रोमायसिनवर विसंबू नये, कारण त्याला दाद न देणारे ट्रेपोनेमा जगाच्या अनेक भागांत पसरले आहेत. पेनिसिलिनला मात्र १९४३ पासूनच्या वापरानंतरही या जिवाणूने प्रतिकार मिळवल्याचे दिसलेले नाही. गरोदर स्त्रीला दुसरा पर्यायच नाही. तिला अ‍ॅलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात दाखल करून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन, पेनिसिलिनच द्यावे लागते.

इंजेक्शन दिल्यापासून २४ तासांत थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि पुरळ वाढणे असे झाले तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नसते. मोठ्या संख्येने मरणाऱ्या जिवाणूंमुळे येणारी ही यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया आहे. दुसऱ्या टप्प्यात ती जास्त दिसते. पॅरासिटामॉल पुरते, दिवसभरात ती ओसरते. हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि त्याच्या कागदावर ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ असा शिक्का कायमचा बसतो. गरोदर स्त्रीला मात्र सांगावे की पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच रुग्णालय गाठावे.

तीन डोसांच्या रुग्णाने मधला डोस चुकवला तर? गरोदर नसलेल्या रुग्णात दोन डोसांमध्ये १० ते १४ दिवसांचे अंतर चालवून घेता येते. त्याहून जास्त झाले तर पहिल्यापासून सुरुवात. गरोदर स्त्रीला अंतर ७ दिवसांचे हवे, आणि ९ दिवसांच्या पुढे गेले तर पुन्हा तिन्ही डोस. म्हणून तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहाव्यात आणि रुग्णाचा फोन नंबर घ्यावा.

पाचवी पायरी: मेंदू, डोळे आणि कान

उपदंशाच्या प्रत्येक रुग्णाला, कोणत्याही टप्प्यावर, हे प्रश्न विचारायचेच. दृष्टी अंधुक झाली आहे का, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात का, डोळा लाल होऊन दुखतो का? कानात घुमते का, ऐकू कमी येते का, गरगरते का? न थांबणारी डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, चालताना तोल जाणे, पायांत वीज चमकल्यासारख्या कळा, स्वभावात किंवा स्मरणशक्तीत घरच्यांना जाणवलेला बदल? तरुण माणसाला अर्धांगवायू झाला असेल तर व्हीडीआरएल आणि टीपीएचए कराव्यातच, कारण उपदंश मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो. फार जुन्या आजारात स्मृतिभ्रंश, वेडसरपणा आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची विकृती येते. तेव्हा बाहुल्या उजेडाला आकुंचन पावत नाहीत, पण जवळचे पाहताना पावतात.

यातले काहीच नसेल तर पाठीतून पाणी काढण्याची गरज नाही. टायटर १:३२ किंवा त्याहून वर असेल, आणि सोबत एचआयव्ही असेल, तर पाण्यात दोष सापडण्याची शक्यता वाढते, पण लक्षणे नसताना पाणी काढल्याने रुग्णाचा अंतिम परिणाम सुधारतो असे दिसलेले नाही. मज्जासंस्थेची लक्षणे किंवा चिन्हे असतील, तिसऱ्या टप्प्याचा आजार असेल, किंवा नीट उपचार होऊनही टायटर चढत असेल आणि नव्याने संसर्गाची शक्यता नसेल, तर ते काढावेच लागते.

पाण्याचा रिपोर्ट कसा वाचावा? तीन गोष्टी पाहतात: पांढऱ्या पेशी, प्रथिने आणि पाण्याची व्हीडीआरएल. पाण्याची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि सुई लावताना रक्त मिसळलेले नसेल, तर निदान जवळजवळ नक्की झाले. ती निगेटिव्ह आली तर मात्र निदान खोडले जात नाही, कारण मज्जासंस्थेचा आजार असलेल्या बऱ्याच रुग्णांत ती निगेटिव्हच असते. अशा वेळी पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला ५ च्या वर असणे आणि लक्षणे असणे यावर निर्णय घेतात. एचआयव्ही असल्यास पेशी त्यामुळेही वाढतात, म्हणून सीमा २० पर्यंत नेतात. पाण्यावरची एफटीए-एबीएस याच्या उलट वागते: पॉझिटिव्ह आली तर फारसे सिद्ध होत नाही, पण निगेटिव्ह आली तर मज्जासंस्थेच्या आजाराची शक्यता फार कमी होते.

आपल्या उदाहरणातल्या माणसाने ‘महिनाभर उजव्या डोळ्याने धुरकट दिसते’ असे सांगितले असते, तर सारा मार्ग बदलला असता. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणी. डोळ्याच्या आत सूज सापडली, चेहऱ्याच्या किंवा मेंदूच्या इतर नसांचा दोष नसला, तर पाणी काढण्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. फक्त कान बाधित असतील तर पाणी बहुतेकांत सामान्यच येते, त्यामुळे तिथेही त्याचा फायदा नाही. पण डोळा असो वा कान, उपचार मज्जासंस्थेच्या उपदंशाचाच.

इथे बेंझाथिन चालत नाही. स्नायूत साठून थोडे थोडे झिरपणारे हे औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात जिवाणू मारण्याइतक्या पातळीला खात्रीने पोचत नाही. डोळ्याच्या रुग्णाला आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने देऊन घरी पाठवले, तर रक्ताचा टायटर उतरू शकतो आणि दृष्टी मात्र जाऊ शकते. या रुग्णाला दाखल करून क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून द्यावे लागते: दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, म्हणजे दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख, १० ते १४ दिवस. दर चार तासांनी, म्हणजे रात्री दोन वाजताही. हे औषध तासाभरातच अर्ध्याहून कमी होते, त्यामुळे रात्रपाळीत एक डोस राहिला तर पातळी तुटते. वॉर्डातल्या परिचारिकांना हे कारण सांगितले की डोस राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. औषध पोटॅशियमचा क्षार असेल आणि रुग्णाची किडनी कमजोर असेल, तर रक्तातले पोटॅशियम तपासत राहावे. दाखल होणे शक्यच नसेल तर प्रोकेन पेनिसिलिन २४ लाख रोज स्नायूत आणि सोबत प्रोबेनेसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, हाही १० ते १४ दिवसांचा पर्याय आहे, पण ही दोन्ही औषधे मिळवणे अनेकदा कठीण जाते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ते २ ग्रॅम रोज हा पर्याय वापरतात, त्याचा पुरावा मर्यादित आहे. आजार फार जुना असेल तर हा कोर्स संपल्यावर बेंझाथिनचे आठवड्याला एक असे एक ते तीन डोस जोडण्याचा विचार करतात, म्हणजे एकूण कालावधी उशिराच्या टप्प्याइतका होतो.

सहावी पायरी: टायटरचा माग

उपचार सुरू करण्याच्या दिवशीच टायटरसाठी रक्त घ्यावे, मग आदल्या महिन्याचा रिपोर्ट हातात असला तरीही. आपल्या उदाहरणातल्या माणसाचा पहिला रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वीचा होता. इंजेक्शनच्या दिवशी, ज्या प्रयोगशाळेत पुढेही तपासणी होणार होती तिथे पुन्हा व्हीडीआरएल केली, ती १:३२ आली. सहा महिन्यांनी तिथेच ती १:८ आली. १:३२ वरून १:८ म्हणजे दोन पायऱ्या, चौपट घट, उपचार लागू पडले. इंजेक्शनच्या दिवशीचा नमुना घेतला नसता तर १:१६ वरून १:८ अशी एकच पायरी दिसली असती आणि विनाकारण पुन्हा इंजेक्शने झाली असती.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यानंतर ६ आणि १२ महिन्यांनी, सुप्त टप्प्यानंतर ६, १२ आणि २४ महिन्यांनी व्हीडीआरएल करावी. एचआयव्ही असल्यास पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. लवकरच्या टप्प्यात वर्षभरात आणि उशिराच्या टप्प्यात दोन वर्षांत चौपट घट अपेक्षित असते. काहींचा टायटर चौपट उतरतो, पण १:२ किंवा १:४ वर येऊन तिथेच वर्षानुवर्षे थांबतो. याला सेरोफास्ट स्थिती म्हणतात. अशा रुग्णाला दरवर्षी नवी इंजेक्शने देण्याची गरज नसते. मज्जासंस्थेच्या रुग्णात लक्षणे सुधारत असतील, रक्ताचा टायटर उतरत असेल आणि एचआयव्ही नसेल किंवा त्यावर औषध चालू असेल, तर पाठीतून पाणी पुन्हा काढावे लागत नाही.

टायटर उतरल्यानंतर पुन्हा दोन पायऱ्या चढला तर आधी नव्या संसर्गाचा विचार करावा. हा आजार एकदा होऊन बरा झाला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही, आणि जोडीदाराचा उपचार अर्धवट राहिला असेल तर आजार त्याच घरात परत येतो. म्हणून इंजेक्शननंतर निदान सात दिवस आणि व्रण-पुरळ पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळावा, आणि मागच्या काळातल्या जोडीदारांपर्यंत निरोप पोचवावा: पहिल्या टप्प्याच्या रुग्णाने लक्षणे दिसण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या, दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णाने सहा महिन्यांतल्या, आणि लवकरच्या सुप्त टप्प्यातल्याने वर्षभरातल्या.

आखातात निघालेल्या त्या माणसाला शेवटी एक कागद दिला पाहिजे. त्याची टीपीएचए पुढच्या प्रत्येक तपासणीत पॉझिटिव्हच येण्याची शक्यता आहे, आणि दरवेळी नवा डॉक्टर नव्याने इंजेक्शन सुचवेल. त्या कागदावर निदानाचा टप्पा, औषधाचे पूर्ण नाव, मात्रा, दिलेली तारीख, त्या दिवशीचा टायटर आणि त्यानंतरचे टायटर प्रयोगशाळेच्या नावासह लिहिलेले असावेत, आणि त्याचा एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असावा.